'स्पेटले' कोण? इटालियन पत्रातल्या पदव्या आणि अडकलेली एलसी

हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा अर्धं बिघडलेलं होतं. मी इटालियनमधून मराठी आणि इंग्रजीत भाषांतरं करतो, बहुतेक मशिनरीची कागदपत्रं. कंपन्यांची आणि माणसांची ओळख काढून टाकलीय, किमती गोल केल्यात, बाकी जे घडलं ते असंच घडलं.

पार्श्वभूमी

पुण्याजवळ फरसाण-चिवडा बनवणारी एक घरगुती कंपनी, आता बऱ्यापैकी मोठी झालेली. त्यांना पाऊच पॅकिंगचं मशिन घ्यायचं होतं, आणि ते ठरलं बोलोन्याजवळच्या एका छोट्या कंपनीकडून. बोलोन्या आणि आजूबाजूचा भाग पॅकेजिंग मशिनसाठी जगभर नावाजलेला आहे, त्यामुळे निवड काही चुकीची नव्हती. किंमत साधारण एक लाख वीस हजार युरो.

कंपनीचे सर्वेसर्वा म्हणजे काका, वय सत्तरच्या पुढे, कागद मराठीत वाचल्याशिवाय सही करत नाहीत. बँकेला इंग्रजी लागतं. म्हणून प्रत्येक इटालियन कागद दोनदा भाषांतर व्हायचा आणि हे काम घरातलाच एक पुतण्या करत होता. पोरगा हुशार, इटालियनच्या दोन लेव्हल झालेल्या, मशिनचा मजकूर त्याने खरं तर चांगला उतरवला होता. गडबड झाली ती मजकुराच्या वर आणि खाली, म्हणजे पत्ता, मायना, सही आणि व्हिजिटिंग कार्ड इथे. ती अक्षरं डिक्शनरीत सापडत नाहीत, आणि सापडली तरी भलतंच सांगतात.

काय काय बिघडलं

पहिलं पत्र कुरियरने आलं. पाकिटावर कंपनीच्या नावाआधी इंग्रजी अक्षरात एस-पी-ई-टी-टी, मग टिंब, मग एल-ई असं छापलेलं. इनवर्डला बसणाऱ्या मुलाने ते 'स्पेटले' वाचलं. आता गोखले, गोडबोले, टिकले असतात तसे स्पेटले असतील एखादे, त्याला वाटलं परचेसला कोणीतरी नवीन जॉइन झालंय, त्याने पाकीट 'स्पेटले साहेब आल्यावर देणे' म्हणून ट्रेमध्ये ठेवलं आणि ते आठ दिवस तिथेच पडून राहिलं. आत ऑफर होती आणि ऑफरची मुदत होती ३० दिवस.

दुसरी गंमत कार्डांची. तिथल्या सेल्स डायरेक्टरच्या नावाआधी 'दोत्त.' होतं, म्हणजे दोत्तोरे. पुतण्याने लिहिलं 'डॉ.'. हे गृहस्थ साइट बघायला पुण्याला आले तेव्हा गेटवर बोर्ड लागला 'डॉ. अमुक यांचे हार्दिक स्वागत', आणि रात्री जेवताना काकांनी आतून स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे आणला. त्या माणसाने तो दिव्यासमोर धरून अगदी सिरियसली बघितला म्हणे, आणि मग हळूच सांगितलं की माझी डिग्री अर्थशास्त्राची आहे.

दुसऱ्या कार्डावर 'राग.' होतं. पुतण्याने ते नावाचाच भाग समजून तसंच ठेवलं, ऑफिसमध्ये त्या माणसाचं नाव पडलं 'राग साहेब'. त्याच कार्डावर खाली हुद्दा होता 'प्रोकुरातोरे', आणि त्याचं भाषांतर झालं 'सरकारी वकील'. मशिन विकणाऱ्या कंपनीत सरकारी वकील कशाला, हा प्रश्न अकाउंट्सच्या मॅडमना पडला होता, पण परदेशात असेल काहीतरी पद्धत म्हणून त्या गप्प बसल्या. तिसरं कार्ड 'अव्व. आंद्रेआ' (आडनाव सोडतो), त्याचं झालं 'श्रीमती आंद्रेआ, वकील'.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण एलसी, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, तिच्या अर्जात बेनिफिशिअरीचं, म्हणजे पैसे मिळणाऱ्याचं, नाव टाकायचं होतं तेव्हा पुतण्याने कंपनीच्या नावामागचं 'एस.आर.एल.' काढून 'प्रा. लि.' लावलं, इंग्रजी अर्जातही तेच. बँकेच्या ऑफिसरने प्रोफॉर्मा इन्व्हॉइसशी, म्हणजे विक्रेत्याने आधी पाठवलेल्या बिलाशी, ताडून बघितलं आणि अर्ज परत केला, नाव जुळत नाही म्हणून. त्या दिवशी मला फोन आला.

आधी काय तपासलं

मी भाषांतर मागितलंच नाही, मूळ कागदांचे स्कॅन मागितले. चुकीचं भाषांतर दुरुस्त करायला घेतलं की डोकं त्याच चाकोरीत फिरतं.

कागद समोर ठेवून प्रत्येक छोट्या अक्षरजोडीला एकच प्रश्न विचारला, की ही इथे काय काम करते? कारण इटालियन पत्रात चार वेगळ्या जातीच्या गोष्टी सारख्याच दिसतात, मोठं अक्षर आणि टिंब. काही नुसता मान देतात, काही शिक्षण सांगतात, काही धंद्याचा परवाना सांगतात, आणि काही कायद्यातलं स्वरूप सांगतात. चौघांना एकच नियम लावला की वरचा गोंधळ होतो. आपल्याकडे काय कमी आहे का, 'प्रा.' नावाआधी आला तर प्राध्यापक, नावामागे 'लि.'सोबत आला तर प्रायव्हेट, आणि 'मे.' म्हणजे महिना की मेसर्स हे जागेवरून कळतं. इटालियन माणसाने मराठी लग्नपत्रिकेतलं 'चि. सौ. कां.' डिक्शनरीत शोधलं तर त्याचंही असंच होईल.

निर्णय १: स्पेत्ताबिले

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात समाधान देणारा. पाकिटावरचं 'स्पेटले' हे 'स्पेत्ताबिले'चं छोटं रूप. 'स्पेत्ताबिले' म्हणजे शब्दशः आदरणीय, पण आजच्या व्यवहारात तो संस्थेच्या नावाआधी लागतो, कंपनी, ऑफिस, बँक वगैरे. माणसाला पत्र असेल तर 'एग्रेजो' किंवा 'जेन्तिले' येतं. म्हणजे पत्त्यात स्पेत्ताबिले दिसलं की पुढे माणूस नाही, संस्था आहे, एवढीच त्यातली खरी माहिती.

पर्याय तीन होते: 'आदरणीय', काहीच न लिहिणं, किंवा 'मेसर्स'. आदरणीय लिहिलं की मराठीत ते माणसाला चिकटतं, शिवाय सत्कार समारंभाचा वास येतो. काढून टाकणं इंग्रजीत चालतं आणि मी इंग्रजी प्रतीत तेच केलं. मराठीत मात्र 'मे. अमुक फूड्स' हे अगदी तंतोतंत बसतं, तेच काम, तीच जागा, तोच थोडा जुनाट कागदी बाज. (एग्रेजोला मी मनात कायम 'रा. रा.' म्हणतो, पण आता ते लिहिलं तर लोक हसतील, 'श्री.' पुरतं.)

त्याच पाकिटावर खाली 'सी.ए.' होतं आणि पुढे परचेस मॅनेजरचं नाव. हा चार्टर्ड अकाउंटंट नाही बरं का, ते 'यांनी कृपया लक्ष द्यावे' आहे, आल्ला कोर्तेझे आत्तेन्त्सिओने. म्हणजे पत्र कोणाला द्यायचं ते पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं होतं, स्पेटले साहेबांच्या बरोबर एक ओळ खाली.

निर्णय २: दोत्तोरे

इथे जास्त वेळ गेला. इटलीत युनिव्हर्सिटीची डिग्री, म्हणजे लाउरेआ, मिळाली की माणूस दोत्तोरे होतो, बाई असेल तर दोत्तोरेस्सा. हा नुसता रिवाज नाही, १९३८च्या एका राजाज्ञेपासून ते कायद्यात आहे, आणि २००४च्या मंत्रालयाच्या नियमानुसार तीन वर्षांची डिग्रीवाला सुद्धा दोत्तोरे. पीएचडी तिथे आली १९८० मध्ये, तिचं नाव 'दोत्तोरे दि रिचेर्का'. दवाखान्यातला डॉक्टर पण बोलताना दोत्तोरेच, पण त्याच्या पाटीवर किंवा लेटरहेडवर 'मेदिको किरुर्गो' असं वेगळं लिहिलेलं सापडतं. रोम-नेपल्सकडे तर चांगला कोट घातलेल्या कोणालाही पार्किंगवाला 'दोत्तो' म्हणून हाक मारतो, आपल्याकडे 'साहेब' म्हणतात तसं.

म्हणजे नुसतं 'दोत्त.' दिसलं तर त्याचा सरळ अर्थ पदवीधर. 'डॉ.' लिहिणं म्हणजे माणसाला नसलेली पदवी देणं. मूळ 'दोत्त.' तसंच ठेवावं आणि तळटीप द्यावी असा एक पर्याय होता, पण काका तळटीप वाचत नाहीत आणि बँक तर नाहीच नाही. 'पदवीधर श्री. अमुक' हे पदवीधर मतदारसंघाच्या उमेदवारासारखं वाटतं. शेवटी मराठीत 'श्री.', इंग्रजीत मिस्टर, आणि करारात कोणतीच पदवी नाही, फक्त नाव आणि हुद्दा.

पण एक गोष्ट मी काकांना निक्षून सांगितली: त्यांना उलट पत्र जाईल तेव्हा 'एग्रेजो दोत्त.' लिहायचंच. तिथे ते गाळलं तर माणूस काही बोलणार नाही पण त्याला ते जाणवेल. मानाची गोष्ट ज्या भाषेत आहे त्या भाषेत ठेवायची, आपल्या भाषेत ओढून आणायची नाही. परचेस मॅनेजरला इटालियन लोकांनी पत्रात 'दोत्त.' लावलं होतं, तो बी.कॉम. आहे, तो खूश झाला, आणि इटालियन हिशोबाने त्यात खोटं काहीच नव्हतं.

'राग.' म्हणजे राजोनिएरे, कॉमर्सच्या टेक्निकल शाळेचा डिप्लोमा घेऊन हिशोबात पडलेला माणूस. त्यालाही भाषांतरात 'श्री.' केलं, हिशोबनीस वगैरे लिहिलं असतं तर हुद्द्याशी गल्लत झाली असती, कारण त्याचा खरा हुद्दा खालच्या ओळीत होता, आणि तो जास्त महत्त्वाचा निघाला.

निर्णय ३: प्रोकुरातोरे, आणि सही कोण करणार

प्रोकुरातोरे देल्ला रेपुब्लिका म्हणजे सरकारी वकील, हे खरं. पण कंपनीच्या कार्डावर नुसतं प्रोकुरातोरे असेल तर त्याच्याकडे 'प्रोकुरा' आहे, म्हणजे मुखत्यारपत्र. मराठीत सरळ 'कुलमुखत्यार' किंवा 'मुखत्यारपत्रधारक' लिहिता येतं. मी दुसरा शब्द घेतला, कारण कुल म्हणजे सगळेच अधिकार असं वाटतं आणि ते आहेत का हे अजून बघायचं होतं.

फाइलमध्ये ती प्रोकुरा होतीच, चार पानं, कोणी वाचलीच नव्हती, सरकारी वकिलाचे कागद समजून बाजूला ठेवलेली. वाचल्यावर कळलं की एक लाख युरोपर्यंतचे विक्री करार तो एकट्याच्या सहीने करू शकतो, त्यावर असेल तर कंपनीच्या अम्मिनिस्त्रातोरे उनिकोसोबत, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या एकट्या संचालकासोबत, जोडसही लागते. आपलं मशिन एक लाख वीसचं.

आणि पुतण्याने करारावर सहीची जागा कोणासाठी केली होती? 'डॉ.' साहेबांसाठी. कारण कार्डांमध्ये तेच सगळ्यात मोठे दिसत होते. त्या माणसाकडे सहीचा अधिकार कुठल्याच कागदात नव्हता.

इथे माझीही एक चूक झाली ती सांगतो. अम्मिनिस्त्रातोरे उनिकोचं मी पहिल्या ड्राफ्टमध्ये घाईत 'एकमेव प्रशासक' केलं. काकांचा लगेच फोन, "अहो, प्रशासक बसलाय म्हणजे कंपनी बुडाली का काय?" बरोबरच होतं त्यांचं, आपल्याकडे प्रशासक म्हणजे संचालक मंडळ बरखास्त होऊन सरकारने नेमलेला माणूस, पतसंस्था आणि साखर कारखान्यांमुळे हे गावातल्या पोराला पण माहीत असतं. ते 'एकमेव संचालक' केलं. शब्द इटालियनमध्ये बरोबर होता, डिक्शनरीतही, मराठीत मात्र त्याने भलतीच घंटा वाजवली.

निर्णय ४: अव्वोकातो आंद्रेआ

'अव्व.' ही पदवी नव्हे, परवाना आहे. कायद्याची डिग्री घेतलेला माणूस दोत्तोरे, मग उमेदवारी, राज्य परीक्षा आणि नोंदणीपुस्तकात नाव लागलं की अव्वोकातो. शिवाय २०१२च्या त्यांच्या वकिली कायद्यानुसार नोंदणी असलेला वकील खाजगी कंपनीत पगारी नोकरी करू शकत नाही, आपल्याकडेही तसाच नियम आहे. म्हणजे कार्डावर अव्व. असलेला माणूस हा बाहेरचा सल्लागार, कंपनीचा अधिकारी नाही, आणि वेगळी प्रोकुरा असल्याशिवाय तो कंपनीसाठी सही करणार नाही. एका छोट्या अव्व.मधून एवढं कळतं.

'ॲड.' लावावं का? मी 'वकील' लिहिलं, नावानंतर: 'श्री. आंद्रेआ अमुक, विक्रेत्याचे वकील'. 'ॲड.' वाचलं की आपला माणूस समजतो हे इथल्या कोर्टात उभे राहू शकतात, आणि करारात वादासाठी पुण्याचं कोर्ट असं कलम होतं, त्यामुळे तो गैरसमज नको होता. यावर दुसऱ्या भाषांतरकारांचं मत वेगळं असू शकतं, मी स्वतः साध्या पत्रात 'ॲड.' वापरतो कधीकधी.

आता 'श्रीमती'चं. अव्व. पुरुषाला आणि बाईला सारखंच लागतं, आणि आंद्रेआ हे इटलीत मुख्यतः पुरुषाचं नाव आहे. इंग्रजीत कदाचित निभावून नेता आलं असतं, मराठीत क्रियापद आलं की लपता येत नाही, 'आल्या' की 'आले' ठरवावंच लागतं. नावावर विश्वास ठेवायचा नसेल तर दोन पुरावे बघायचे. एक, पत्राची भाषा: 'सोत्तोस्क्रित्तो' लिहिलं तर सही करणारा पुरुष, 'सोत्तोस्क्रित्ता' तर बाई. दुसरा, कोदिचे फिस्काले, म्हणजे त्यांचा १६ अक्षरांचा टॅक्स नंबर, वकिलाच्या लेटरहेडवर तो बऱ्याचदा असतो. त्यातलं दहावं आणि अकरावं चिन्ह म्हणजे जन्माची तारीख, आणि बाईसाठी त्यात ४० मिळवतात. १४ असेल तर पुरुष, ५४ असेल तर बाई. आंद्रेआचे आकडे ३१च्या आतले होते, पत्रात सोत्तोस्क्रित्तो होतं.

हे मी कळवलं तेव्हा काकू फोनवर शांत झाल्या. सह्यांना येणाऱ्या 'वकीलबाईंसाठी' पैठणी आणून ठेवली होती.

निर्णय ५: एस.आर.एल.

सोचेता आ रेस्पोन्साबिलिता लिमिताता, मर्यादित जबाबदारीची कंपनी. आपल्या प्रायव्हेट लिमिटेडच्या जवळची, हे मान्य, म्हणूनच मोह होतो. पण तीच नाही. तिच्यात शेअर्स नसतात, भागीदारांचे 'कोटे' असतात. किमान भांडवल कायद्यात १० हजार युरो, आणि काही अटींवर त्याहून कमी, अगदी एक युरोपासून सुद्धा चालतं. पण खरं कारण त्याहून साधं आहे: ती अक्षरं कंपनीच्या नावाचा भाग आहेत. नाव बदललं की ती दुसरी कंपनी होते. एलसीसाठी बँका यूसीपी ६०० हे नियम पाळतात, त्यात इन्व्हॉइस बेनिफिशिअरीनेच काढलेलं दिसलं पाहिजे. पत्त्यात किरकोळ फरक चालतो, नावात 'प्रा. लि.' आणि इन्व्हॉइसवर 'एस.आर.एल.' असेल तर कागद डिस्क्रेपंट, म्हणजे एलसीशी न जुळणारे, ठरतात, आणि ते कळलं असतं माल जहाजात चढल्यावर.

म्हणून अर्जात नाव जसंच्या तसं. मराठी करारात पहिल्यांदा नाव आलं तिथे एकदाच स्वल्पविरामानंतर 'इटलीच्या कायद्यानुसार मर्यादित जबाबदारीची कंपनी' असं घातलं, पुढे नुसतं नाव.

पत्त्यात अजून एक गाडलेला सुरुंग होता: रस्त्याच्या नावानंतर 'एस.एन.सी.'. कंपनीच्या नावामागे आलं असतं तर भागीदारी फर्म, पुतण्याने तसंच लिहिलं होतं. पत्त्यात त्याचा अर्थ 'घर क्रमांक नाही', सेन्त्सा नूमेरो चीविको. औद्योगिक वसाहतीत हे नेहमीचं. तेव्हा एका कागदावर कंपनी एकाच वेळी प्रायव्हेट लिमिटेड आणि भागीदारी अशी दोन्ही झाली होती.

निकाल

दुरुस्त नावाने एलसी उघडली. करारावर मुखत्यारपत्रधारक आणि एकमेव संचालक दोघांच्या सह्या झाल्या, त्यासाठी संचालकाकडे कागद कुरियरने जाऊन यायला बारा दिवस लागले. ऑफरची मुदत संपली होती, विक्रेत्याने जुन्याच किमतीत वाढवून दिली, ते काकांचं नशीब, दुसऱ्या कोणी कदाचित दिली नसती.

पुन्हा करायचं झालं तर

कार्डांपासून सुरुवात करणार नाही. आधी 'विझुरा' मागवेन, म्हणजे तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या कंपनी रजिस्टरचा उतारा, आपल्या सातबाऱ्यासारखा समजा. त्यात कंपनीचं अचूक नाव, भांडवल, संचालक कोण, प्रोकुरातोरे कोण आणि कोणाला किती अधिकार, सगळं असतं. फाइलमधली प्रोकुरा जुनी असू शकते, रद्द झालेली असू शकते, मी तिच्यावर विसंबून जोडसहीचा सल्ला दिला आणि विझुरा नंतर मागवली. जुळली म्हणून ठीक, क्रम मात्र चुकीचा होता.

दुसरं, दोत्तोरे डॉक्टर नाही हे मी कागदावरून आणि त्या एक्स-रेच्या किश्शावरून धरून चाललो. एका ओळीचा ईमेल टाकून विचारायला हवं होतं, कारण पीएचडीवाला पण कार्डावर कधीकधी नुसतं 'दोत्त.' लिहितो.

आणि पाकिटांचं भाषांतर मी अजूनही करत नाही, पण इनवर्डच्या मुलाला अर्धा तास बसवून चार शब्द लिहून दिले. मागच्या महिन्यात त्याचा मेसेज आला, नवीन पत्र आलंय, मालकाच्या नावाआधी 'काव.' आहे, हे कोण? कावालिएरे, सन्मान आहे, पण राष्ट्रपतींच्या गुणवत्ता सन्मानाचा की उद्योगपतींना मिळणारा 'कावालिएरे देल लावोरो', जो वर्षाला फक्त २५ जणांना देतात, ते नुसत्या 'काव.'वरून ठरत नाही. यावेळी मी आधी विचारलंय, उत्तर यायचंय. तोवर 'श्री.'.